‘माझी शाळा’ या निबंधविषयातील तीन उणिवा

गतवर्षी सप्टेंबर महिन्यात आमच्या बीटातील सर्व प्राथमिक शाळांना मी एक चिठ्ठी पाठविली होती. तिच्यातील मजकूर एवढाच होता : “सर्व शाळांनी ‘माझी शाळा’ या विषयावर विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घ्यावेत व शनिवारपर्यंत केंद्रशाळेत पोहोचते करावेत.” निबंध कोणत्या इयत्तेने लिहावा, तो किती शब्दांचा असावा आणि तो कशासाठी हवा आहे, यांपैकी एकाही गोष्टीचा तीत निर्देश नव्हता. मुलांच्या लेखनाची पाहणी करावी एवढी एक अंधुक इच्छा माझ्या मनात होती; परंतु लेखनात नेमके काय पाहावयाचे याचा विचार मीही केलेला नव्हता. पुढील विवेचन हे त्या चुकीतून निघालेले आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे.

चिठ्ठी गेल्यावर दोन दिवसांत नऊ मुख्याध्यापकांचे दूरध्वनी आले. त्यांतील सात जणांनी विचारले, “साहेब, निबंध किती शब्दांचा?” दोघांनी विचारले, “तिसरीने लिहायचा की चौथीने?” निबंध कशासाठी लिहावयाचा, हा प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात या तीन उणिवांचा क्रम असाच लागलेला आहे : प्रथम शब्दमर्यादा, नंतर इयत्ता आणि प्रयोजन मुळीच नाही. माझ्या मते हा क्रम अगदी उलटा आहे. तो कसा, हे एका शाळेच्या गठ्ठ्यावरून दाखविता येईल.

ही शाळा दुशिक्षकी आहे. पहिली ते चौथीचे मिळून पट ४१. तिसरीची ११ व चौथीची १२ अशी २३ मुलांची पाने माझ्याकडे आली. चौथीतील एका मुलीचे पान पुढीलप्रमाणे होते :

“माझ्या शाळेचे नाव जिल्हा परिषद प्राथमिक शाळा असे आहे. माझी शाळा खूप सुंदर आहे. शाळेची इमारत भव्य आहे. शाळेसमोर मोठे मैदान व सुंदर बाग आहे. शाळेत पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय आहे. आमचे शिक्षक खूप प्रेमळ आहेत. ते आम्हांला छान शिकवतात. माझी शाळा मला खूप खूप आवडते.”

अक्षर वळणदार, शुद्धलेखनाची चूक एकही नाही. वर्गशिक्षिकेने दहांपैकी आठ गुण दिले होते व ते देण्यात कोणास काही वावगे वाटले नसते. पुढील सोमवारी मी त्या शाळेस भेट दिली. शाळेसमोर मैदान होते, बाग नव्हती. इमारत म्हणजे दोन खोल्या व एक ओसरी. पाण्याच्या टाकीची मोटार पोळ्याच्या सुमारास जळाली होती व तेव्हापासून टाकी कोरडी होती. ती मुलगी आपल्या दप्तराशेजारी पाण्याची बाटली ठेवून बसली होती. मी तिला जवळ बोलावून विचारले, “टाकीला पाणी नाही, मग पाण्याची सोय आहे असे तू का लिहिलेस, बाळ?” ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, “निबंधात असंच लिहायचं असतं ना, सर?”

त्या मुलीस खोटे बोलावयाचे नव्हते. तिला निबंध कशासाठी हवा हे सांगितलेले नव्हते. म्हणून तिने प्रयोजनाचा तर्क केला. मोठ्या माणसांना आपल्या शाळेची स्तुती हवी असणार, असा तो तर्क होता, आणि पूर्वी ऐकलेल्या, फळ्यावरून उतरून घेतलेल्या निबंधांवरून पाहता तो चुकीचाही म्हणता येणार नाही. रिकामी जागा कधी रिकामी राहत नसते; शिक्षकाने ती भरली नाही तर मूल ती भरते, आणि त्याच्या हाताशी जो साचा असतो त्यानेच ती भरते. २३ पैकी १७ पानांचे पहिले वाक्य एकच होते.

याच गठ्ठ्यात एक पान सर्वांत खाली होते. तिसरीतील एका मुलाने लिहिले होते :

“माझी शाळा दोन खोल्यांची आहे. आमच्या खोलीत पाऊस आला की गळते. जिथे गळते तिथे बादली ठेवतात. बादली भरली की मी ओततो. मग बाई मला म्हणतात आता लिही.”

यास दहांपैकी तीन गुण होते व खाली शेरा होता : “निबंध अपुरा. मुद्दे नाहीत.” बाईंना दोष देण्याचे मला कारण नाही. प्रयोजन ठाऊक नसले म्हणजे तपासणाऱ्यापुढे तपासण्यासारख्या गोष्टी तीनच उरतात : अक्षर, शुद्धलेखन आणि लांबी. लेखन साधले की नाही हे ठरविण्यासाठी ते काय साधण्यासाठी लिहिले होते हे माहीत असावे लागते. ते माहीत नसल्यामुळे सत्तावीस शब्दांत आपली शाळा डोळ्यांपुढे उभी करणाऱ्या मुलास तीन गुण मिळाले, आणि जिच्या निबंधातील शाळा या तालुक्यात कोठेच नाही तिला आठ मिळाले. दोन्ही मुले यातून काहीतरी शिकली, आणि जे शिकली ते आपण शिकविलेच नव्हते असे म्हणता येणार नाही.

आपल्या वर्गातील निबंध साच्यातून आले आहेत की पाहण्यातून, हे ओळखण्याची एक साधी कसोटी मी तेव्हापासून वापरतो. निबंधातील शाळेचे नाव बोटाने झाकावे आणि शेजारच्या गावातील शाळेचे नाव तेथे आहे असे समजून वाचावे. एकही वाक्य खटकले नाही, तर त्या मुलाने आपल्या शाळेविषयी काहीही लिहिलेले नाही. मुलीचे पान या कसोटीवर बीटातील कोणत्याही शाळेस लागू पडते. मुलाचे पान फक्त त्या एका खोलीचे आहे.

आता प्रयोजन सांगितल्याने काय पालट होतो ते पाहू. वीटभट्टीच्या कामासाठी एक कुटुंब दिवाळीनंतर त्या गावी येणार होते व त्यांचा मुलगा चौथीत दाखल व्हावयाचा होता. बाईंशी बोलून मी असे ठरविले की, चौथीच्या मुलांनी त्या नव्या मुलास पत्र लिहावे. पहिल्या दिवशी फाटकातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याची कोठे अडचण होऊ नये, एवढे त्याला कळले पाहिजे. विषय तोच, माझी शाळा. लिहिण्यापूर्वी बाईंनी दहा मिनिटे मुलांना ओसरीवर, फाटकाशी व खोलीत फिरविले आणि एकच प्रश्न विचारला : “इथे नवीन मुलगा कुठे चुकेल?” फळ्यावर मुद्दे लिहिले नाहीत. हे मी आग्रहाने सांगतो. कारण फळ्यावर मुद्दे आले की बाराही पाने पुन्हा एकसारखी होतात. त्याच मुलीने या वेळी लिहिले :

“तू सोमवारी येशील तेव्हा दहा वाजायच्या आत ये. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आहे, तो वाजला की लगेच ओळ करायची. आपली खोली उजवीकडची. दार ओढून उघडत नाही, आत ढकलावे लागते. पाण्याची बाटली घरून भरून आण, कारण टाकीत पाणी नाही. बाटली संपली तर हापशावर जावे लागते, पण तिकडे एकटा जाऊ नको, रस्त्यावर ट्रॅक्टर असतात. खिचडीला ताट घरून आणायचे. माझ्या शेजारी जागा रिकामी आहे, पण पाऊस आला तर तिथे गळते, म्हणून तू खिडकीजवळ बस.”

मजकूर खरा झाला ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात येईल. परंतु भाषाशिक्षकाने याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट पाहावी. पहिल्या निबंधातील सर्व वाक्ये केवल होती, आणि त्यांतील शब्दांना जोडणारे अव्यय ‘व’ हे एकच होते. पत्रात ‘तेव्हा’, ‘की’, ‘कारण’, ‘तर’, ‘पण’, ‘म्हणून’ असे सहा जोडशब्द आपोआप आले आहेत. मधल्या काळात या मुलीस उभयान्वयी अव्ययांचा पाठ कोणी दिला नव्हता. समोर वाचणारा आहे, त्याला कारण सांगितले पाहिजे, धोका दाखविला पाहिजे, अशी गरज उत्पन्न होताच तिने बोलण्यातील ही अव्यये लेखनात आणली. स्तुतीला कारण लागत नाही, सूचनेला लागते. तसेच पहिला निबंध ४६ शब्दांचा होता व हे पत्र ७२ शब्दांचे झाले, तरी तिला कोणी शब्दसंख्या सांगितलेली नव्हती.

प्रयोजन बदलले की निवडही बदलते, हे दाखविण्यासाठी आणखी एक लेखन करून घेतले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील २१ व्या कलमाप्रमाणे स्थापन झालेली शाळा व्यवस्थापन समिती आपल्या शाळांत आहे, आणि सर्व मुलांना पिण्याच्या पाण्याची सोय असावी हे त्या अधिनियमाच्या अनुसूचीतच नमूद आहे. तेव्हा समितीच्या पुढील सभेसाठी चौथीच्या मुलांनी मिळून पाण्याविषयी एक विनंतिपत्र लिहावे असे ठरले. लिहिण्यास बसताच मुलांच्या ध्यानात आले की, आपणास पुरेसे ठाऊकच नाही. मग त्यांनी शाळेच्या ओसरीपासून हापशापर्यंतची पावले मोजली. ती २४० भरली. एका दिवसात कितीदा मुले पाण्यासाठी रस्ता ओलांडतात त्याच्या रेघा एका मुलाने भिंतीशी बसून पाटीवर ओढल्या. त्या २९ झाल्या. पत्रात मोटार जळाल्याचा सुमार, पट, पावले व फेऱ्या एवढेच आले. रुळाची घंटा, आत ढकलावयाचे दार, खिचडीचे ताट यांतील काहीही आले नाही, आणि ते गाळा असे कोणी सांगितलेही नाही. काय घ्यावे व काय सोडावे हा लेखनातील सर्वांत अवघड भाग होय, आणि तो प्रयोजनाखेरीज शिकविता येत नाही. ‘मुद्देसूद लिहा’ असे आपण शंभरदा सांगतो. मुद्दा ज्याच्याकडे जावयाचा ते ठिकाणच दाखवीत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र पाळावी. मुलांच्या हातून लिहिलेले विनंतिपत्र मोठ्यांच्या भांडणात शस्त्र म्हणून वापरले जाण्याचा संभव असतो. गावात मुख्याध्यापक व समिती यांचे पटत नसेल तर हा विषय घेऊ नये. घेतला तर पत्र सर्व वर्गाच्या नावाने असावे, त्यात कोणा व्यक्तीचा उल्लेख नसावा आणि मुख्याध्यापकांनी ते आधी वाचलेले असावे. ज्या शाळेत हे जमण्यासारखे नसेल तेथे नव्या मुलास पत्र हे प्रयोजन पुरेसे आहे. आणि कधी कधी शिक्षकास केवळ पूर्ण वाक्ये लिहिण्याचा सराव हवा असतो. तेही प्रयोजनच आहे. ते मुलांस सरळ सांगावे. मात्र तेथेही वाक्ये खरी असावीत अशी अट घालावी.

प्रयोजनाच्या खालोखाल महत्त्व इयत्तेचे. ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याचे कारण असे की, स्वतःच्या वर्गात विषय देणारा शिक्षक ही उणीव नकळत भरून काढतो. समोर कोण बसले आहे हे तो पाहत असतो. ही उणीव बाधते ती दोन ठिकाणी. एक, विषय बाहेरून येतो तेव्हा, जसा माझ्या चिठ्ठीतून आला. माझ्याकडे दुसरीच्या मुलांची पाने आणि सातवीच्या मुलांची पाने एकाच गठ्ठ्यात आली होती, व त्यांची तुलना कोणत्याही मापाने होण्यासारखी नव्हती. दुसरे ठिकाण म्हणजे जोडवर्ग. एका खोलीत पहिली ते चौथीची मुले बसली असता ‘माझी शाळा’ हे दोन शब्द फळ्यावर लिहिले, तर लहान मुले मोठ्यांच्या वह्यांत पाहून लिहितात, आणि ते त्यांचे लेखन राहत नाही.

जोडवर्गात वाचक एकच ठेवून काम वेगवेगळे द्यावे. वरील शाळेत त्याच नव्या मुलासाठी पहिलीने शाळेचे चित्र काढले व बाईंच्या मदतीने ‘फाटक’, ‘खोली’, ‘हापसा’ अशी नावे त्यावर घातली. दुसरीने तोंडी सांगितले आणि मग प्रत्येकाने तीन-चार वाक्ये लिहिली. तिसरीने एकाच जागेचे वर्णन केले. बादलीच्या मुलाने अर्थातच आपली खोली घेतली. चौथीने पूर्ण पत्र लिहिले. उच्च प्राथमिक शाळेत हेच काम सातवीस द्यावयाचे तर तेथे क्रम, कारण व तुलना यांची अपेक्षा करता येते : नव्या विद्यार्थ्यास आपली शाळा त्याच्या आधीच्या शाळेहून कोणत्या बाबतीत निराळी वाटेल, हे त्याने दोन-तीन परिच्छेदांत मांडावे. इयत्ता सांगण्याचा अर्थ वयाचा आकडा सांगणे असा नसून यांतील कोणते काम अपेक्षित आहे ते सांगणे असा आहे.

राहिली शब्दमर्यादा. सात मुख्याध्यापकांनी प्रथम विचारलेली ही गोष्ट वस्तुतः इतर दोन्ही ठरल्या की बहुतेक आपोआप ठरते. ती मोजावयाची ती तासाच्या घड्याळाने. एका चौथीच्या वर्गात मी मुलांना दहा मिनिटे विचार करून लिहावयास सांगितले व नंतर शब्द मोजले. बहुतेकांचे ३० ते ५० भरले. म्हणजे बोलण्याचा वेळ वजा जाता लेखनास वीस-पंचवीस मिनिटे मिळाली, तर साठ ते शंभर शब्द ही त्या वर्गाची स्वाभाविक धाव झाली. आपल्या वर्गाची धाव प्रत्येक शिक्षकाने एकदा अशी मोजून ठेवावी. चौथीस दोनशे शब्द सांगितले की मुले ‘खूप’ हा शब्द दोनदा व शिक्षकांची नावे ओळीने लिहून भरती करतात, असा अनुभव आहे. याखेरीज एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत जे तीन शब्दांत सांगावे लागते ते मराठीत ‘शाळेसमोर’ अशा एका शब्दात मावते, कारण आपले प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडूनच लिहिली जातात. त्या भाषांतील परिपत्रकावरून शब्दमर्यादा जशीच्या तशी उचलली तर मराठी मुलाकडून नकळत अधिक मजकूर मागितला जातो. स्पर्धा किंवा परीक्षा असेल तेथे सर्वांस समान माप हवे म्हणून मर्यादा अवश्य द्यावी. एरवी ‘एक पान पुरे’ एवढे सांगितले तरी अडत नाही.

अशी त्रुटित चिठ्ठी आपणाकडे कोणत्याही कार्यालयातून आली, तर शिक्षकाने प्रथम विचारावे की हे कोण वाचणार आहे व वाचून काय करणार आहे. उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले, आणि पुष्कळदा ते मिळत नाही हे मी याच खात्यात राहून जाणतो, तर शिक्षकाने स्वतः एक खरा वाचक निवडावा व गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर तसे लिहून पाठवावे : “इयत्ता चौथी. नव्या विद्यार्थ्यास माहिती देण्यासाठी लिहिलेले.” तपासणारा निदान कोणत्या कसोटीने वाचावयाचे हे तरी जाणेल.

विनंतिपत्र समितीच्या सभेत वाचले गेले आणि मोटार दुरुस्तीचा ठराव झाला. यंदा मी पाठविलेली चिठ्ठी अशी आहे : “इयत्ता तिसरी व चौथी. दिवाळीनंतर आपल्या शाळेत बाहेरगावचे एक मूल येणार आहे असे समजावे. पहिल्या दिवशी त्यास काय माहीत असले पाहिजे, हे सांगणारे पत्र प्रत्येकाने लिहावे. लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपल्या शाळेत जाऊन दाखविता आली पाहिजे. एक पान पुरे. पत्रे शाळेतच ठेवावीत. मी भेटीच्या वेळी वाचीन व नवे मूल आल्यास त्यास द्यावीत.”

ही चिठ्ठी गेल्यावरही दूरध्वनी आले. शब्दसंख्या फक्त एकाने विचारली. भट्टीलगतच्या एका वस्तिशाळेतील बाईंनी विचारले, “सर, येणाऱ्या मुलाला मराठी वाचता येत नसेल तर?” त्यांच्याकडे आदल्या वर्षी अशी दोन मुले आली होती. मी त्यांना सांगितले की, तसे असेल तर चौथीच्या मुलांनी शाळेचा नकाशा काढावा, त्यावर थोडे शब्द मोठ्या अक्षरांत लिहावेत, आणि पहिल्या दिवशी एकाने त्या मुलाबरोबर फिरून प्रत्येक शब्द त्याला जागेवर वाचून दाखवावा.